दादाच्या पदवीच्या पार्टीत त्याची खेचायची आहे? धाकट्या बहिणीसाठी पहिल्या रोस्टची तयारी

गेल्या जुलैत आमच्या दादाचं इंजिनिअरिंग संपलं. घरात सगळे 'एकदाचं संपलं' असंच म्हणतात, कारण चार वर्षांच्या मेकॅनिकलला त्याने पाच वर्षं घेतली. सोसायटीच्या हॉलमध्ये साठेक माणसांचं जेवण ठरलं. आठ दिवस आधी आई मला म्हणाली, "दादाबद्दल दोन शब्द बोल गं." दादाचे मित्र तिथेच पोहे खात बसले होते. ते म्हणाले, "काकू, दोन शब्द नको, रोस्ट करू दे." मी फुशारकीत हो म्हटलं आणि त्या रात्री मोबाइलवर परदेशातले रोस्ट बघत बसले. तिथे समोरच्याचं दिसणं, त्याचे आईबाप, त्याची मोडलेली लग्नं, सगळं निघतं. आमच्याकडे पहिल्या रांगेत आजी बसणार होती. त्यातलं एक वाक्यही माझ्या कामाचं नव्हतं.

आठ दिवसांत जे चुकतमाकत जमलं, ते क्रमाने सांगते. तू धाकटी असशील, दादाने नुकतीच पदवी घेतली असेल आणि तूही फुशारकीत हो म्हणून बसली असशील, तर हे तुझ्यासाठी.

आधी हे जमव

- प्रसंग लिहायला एक वही. मोबाइलवर लिहिलंस तर दादा वाचेल, आमच्याकडे वाचलंच.
- पोस्टकार्डाएवढी जाड कागदाची चार कार्डं.
- दादाचा एक कॉलेजमधला मित्र, ज्याच्या पोटात गोष्ट राहते. हा शोधायला वेळ लागतो.
- घरातली अशी एक व्यक्ती, जिला कोणत्या नातेवाइकाला काय सांगितलंय हे पाठ असतं. बहुतेक घरांत ती आईच.
- स्टॉपवॉच, आणि पाहुणे यायच्या आधी हॉलमध्ये माइकसोबत अर्धा तास.

१. पाहुण्यांची यादी घे आणि दोन भाग कर

भाषण लिहायच्या आधी यादी बघायची, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. तोवर मी लिहिलेले सगळे विनोद कॉलेजचे होते. आमच्या साठांत दादाचे मित्र होते बारा. उरलेले मामा, काका, शेजारी, बाबांच्या ऑफिसमधले. म्हणजे 'बॅक', 'जीटी', 'सबमिशन' हे शब्द बारा जणांना हसवणार आणि अठ्ठेचाळीस जण एकमेकांकडे बघणार.

पण कॉलेजचं सगळं काढून टाकू नकोस. पार्टी पदवीची आहे. लहानपणी तो चड्डीत कसा नाचायचा हे कोणत्याही वाढदिवसाला सांगता येतं. कॉलेजचा प्रसंग घे, पण त्यातला जो शब्द मामीला कळणार नाही तो सुरुवातीलाच, गोष्टीच्या ओघात उलगडून टाक. विनोद झाल्यावर समजावायला लागलीस तर तो तिथेच मेला.

२. काय काढायचं नाही, ते आधी लिही

वहीच्या पहिल्या पानावर विनोद लिहू नकोस. बंदीची यादी लिही, आणि ती दोन ठिकाणी तपासून घे.

पहिलं ठिकाण आई. प्रत्येक घरात एक आतली हकिकत असते आणि एक बाहेर सांगितलेली. दादाचं एक वर्ष गेलं होतं, पण मामाकडे 'प्रोजेक्टमुळे लांबलं' असं सांगितलं होतं. मला याचा पत्ताच नव्हता. माझ्या पहिल्या खर्ड्याचं पहिलंच वाक्य होतं, "चार वर्षांचा कोर्स पाच वर्षांत पूर्ण करणाऱ्या…" आईने वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. त्या एका वाक्याने दादापेक्षा तिचीच पंचाईत झाली असती. (आता दादा स्वतःच सगळ्यांना सांगत सुटतो, म्हणून इथे लिहितेय.)

दुसरं ठिकाण दादा. त्याला वाक्यं दाखवायची नाहीत, नाहीतर तो त्या दिवशी हसायचं नाटक करेल आणि ते दिसतं. विषय मात्र सांगायचे. मी विचारलं, "जीटी, एम थ्री, वॉशिंग मशिन, वर्ष, प्लेसमेंट. यातलं काय नको?" तो म्हणाला, "एम थ्री बिनधास्त घे. वर्ष नको. प्लेसमेंटचं तर नावच काढू नको." एवढं बोलणं झालं, पंधरा सेकंदांचं. त्यामुळे पुढे मला एकदाही धास्ती वाटली नाही.

माझी स्वतःची गाळणी अशी होती: जे त्याने केलं ते चालेल, जे त्याच्यावर आलं ते नाही. गजर बंद करून तो झोपला, हे त्याने केलं. सहा कंपन्यांनी त्याला घेतलं नाही, हे त्याच्यावर आलं. रंग, उंची, वजन, गळणारे केस हेही आलेलंच. फी आणि शैक्षणिक कर्ज हा बाबांचा विषय आहे, तिथे हसू येत नाही. आणि एखादी मुलगी असेल तर तिचं नाव, आद्याक्षर, 'काही लोकांना माहीत आहे' असं सूचक काहीही नाही. मित्र तुला हेच सांग म्हणून मागे लागतील. त्यांच्या मागे आजी बसलेली नसते.

३. विशेषणं फेक, प्रसंग घे

माझ्या वहीत सुरुवातीला होतं: दादा आळशी आहे, दादा वेंधळा आहे, दादा फोन उचलत नाही. हे मैत्रिणीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "माझाही." तेव्हा कळलं की हे कोणाच्याही दादाला चालेल, म्हणून आमच्या दादाला चालणार नाही.

मग मी वीसेक प्रसंग लिहिले, एकेका ओळीत. त्यांतले तीन निवडले. तीनच पुरतात, चौथ्याला लोक जेवणाकडे बघायला लागतात. निवडायची कसोटी सोपी आहे. प्रसंग ऐकताना एखादी वस्तू डोळ्यांसमोर येते का? 'आळशी' म्हटलं की काही दिसत नाही. टीपॉयची काच म्हटलं की दिसते.

आता ती काच. दादा पहिल्या वर्षाला होता, मी नववीत. ग्राफिक्सच्या शीट दुसऱ्या दिवशी द्यायच्या होत्या आणि त्याने एकही काढली नव्हती. पुण्यात इंजिनिअरिंग केलेल्या प्रत्येकाला यावरचा उपाय ठाऊक असतो: ग्लास ट्रेसिंग, म्हणजेच जीटी. दोन खुर्च्यांवर काच आडवी ठेवायची. तिच्यावर मित्राची पूर्ण झालेली शीट, त्यावर आपली कोरी, दोन्ही चिकटपट्टीने पक्क्या. काचेखालून उजेड सोडला की खालच्या रेषा वरच्या कागदावर उमटतात आणि पेन्सिल फिरवायची तेवढी बाकी राहते. दादाने आईच्या टीपॉयची काच उचलली. होल्डरला वायर जोडून बल्ब तयार केला. पण बल्ब जमिनीवर ठेवला की उजेड फक्त मधोमध पडतो. कडेच्या रेषा काढायच्या तर बल्ब पेन्सिलीच्या मागे मागे न्यावा लागतो. म्हणून त्याने मला झोपेतून उठवलं.

रात्री साडेअकरा ते पहाटे चार, सहा शीट. मी काचेखाली उताणी, हातात बल्ब. वरून आवाज यायचा, "डावीकडे. अजून. हां, तिथेच." सकाळी शीट घेऊन गेला आणि दुपारी परत आला, सहाच्या सहा घेऊन. इतकं मन लावून उतरवलं होतं की कोपऱ्यातल्या चौकटीत मित्राचं नाव आणि रोल नंबरही उतरवला होता.

हा प्रसंग मिळाला तेव्हा भाषण झालंच होतं, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूला बसवलं.

४. वाक्यात गंमत शेवटी आण

ही गोष्ट परदेशी व्हिडिओ सांगत नाहीत, कारण त्यांना तो प्रश्नच नाही. आपलं मराठी वाक्य क्रियापदावर संपतं. "दादाने शीटवर मित्राचं नावसुद्धा उतरवलं होतं." यात हसू 'मित्राचं नाव' इथे आहे, पण नंतर 'सुद्धा उतरवलं होतं' येतं. लोक हसायला लागतात तेव्हा तू अजून बोलतेच आहेस. मग एकतर तुझं वाक्य बुडतं, नाहीतर त्यांचं हसू.

उपाय म्हणजे क्रियापद आधीच्या वाक्यात उरकून टाकायचं आणि शेवटचा तुकडा नुसता ठेवायचा. माझ्या कार्डावर शेवटी हे होतं:

"दादाने सगळं उतरवलं. रेषा उतरवल्या, मापं उतरवली, बाण उतरवले. आणि खाली कोपऱ्यात, सुंदर अक्षरात… मित्राचं नाव."

'उतरवलं' चारदा येऊन गेल्यामुळे पाचव्यांदा म्हणायची गरजच नाही. 'नाव' वर थांबायचं आणि ओठ मिटायचे. हे मिटणं अवघड आहे. शांततेची भीती वाटून आपण पुढे 'म्हणजे बघा ना' वगैरे बोलतो. मी कार्डावर तिथे लाल पेनाने मोठा ठिपका काढला होता. ठिपका म्हणजे गप्प बस.

५. प्रत्येक प्रसंगात तूही अस

माझ्या पहिल्या खर्ड्यात मी कुठेच नव्हते. दादाने हे केलं, दादाने ते केलं. बाबांनी ऐकलं आणि म्हणाले, "हे चाडी केल्यासारखं वाटतंय." खरं होतं. लहान बहीण माइकवर उभी राहून मोठ्या भावाचे अपराध वाचते, तेव्हा लोकांना ती आगाऊ वाटते आणि बाजू दादाची घेतली जाते.

मी उभी राहण्याची जागा बदलली. शीटच्या गोष्टीत मी बल्ब धरणारी, म्हणजे गुन्ह्यात सामील. एम थ्रीच्या गोष्टीत मी खोबऱ्याच्या वड्या खाणारी. तीही सांगते. एम थ्री म्हणजे दुसऱ्या वर्षाचं तिसरं गणित. दादाच्या या पेपरच्या आदल्या दिवशी आई सारसबागेतल्या गणपतीला नारळ फोडायची आणि उरलेल्या खोबऱ्याच्या वड्या करायची. पेपर तीनदा दिला गेला. माझ्या कार्डावर होतं: "दादा तिसऱ्यांदा बसला तेव्हा सगळ्या घराने देवाकडे मागितलं, याला पास कर. सगळ्यांनी. मी सोडून. मला वड्या आवडतात."

यात दादा नापास झाला हे कळतंच, पण हसू माझ्या हावरटपणावर येतं. तीनांतल्या निदान दोन प्रसंगांत असं काहीतरी शोध. तिसरा, त्याच्या प्रोजेक्टमधल्या पायडलवर चालणाऱ्या वॉशिंग मशिनचा, निव्वळ त्याच्यावर होता. मशिनने बाबांच्या शर्टाची बटणं खाल्ली, बस्स. तेवढं चालतं.

६. शेवटचा अर्धा मिनिट

इथे बहुतेक जण घसरतात. साडेतीन मिनिटं खेचून झाल्यावर एकदम सूर बदलतो आणि 'पण माझा दादा जगातला सर्वात चांगला' सुरू होतं. मीही तसंच लिहिलं होतं. आरशासमोर म्हणताना माझं मलाच ओशाळं झालं.

त्याऐवजी एक घडलेली गोष्ट सांग, आणि ती आधीच्या एखाद्या विनोदातल्याच वस्तूची असू दे. माझ्याकडे ती होती. मी आता स्वतः इंजिनिअरिंगला आहे, आणि डिसेंबरात माझ्या ग्राफिक्सच्या सबमिशनची आदली रात्र होती. दादाचा दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला प्रोजेक्टचा रिव्ह्यू होता. मी शेवट असा केला: "माझ्याही शीट राहिल्या होत्या. दादाचा सकाळी रिव्ह्यू होता. आईच्या टीपॉयची काच कुठे होती ते आईला आत्ताच कळतंय. आणि काचेखाली, पहाटे तीनपर्यंत, बल्ब घेऊन… दादा."

प्रेम, अभिमान, आदर्श यांतला एकही शब्द नाही. मामी पदराने डोळे पुसत होती, आणि त्याच वेळी आई काचेबद्दल मला खुणेने 'घरी चल' म्हणत होती.

७. मोज, आणि उभी राहून म्हण

मी बोलते तसं मिनिटाला सव्वाशेच्या आसपास शब्द होतात. चार मिनिटांना पाचशे शब्द, असा हिशेब करून मी पाचशे लिहिले. चुकलं. हसण्याला वेळ लागतो, थांबण्याला लागतो, आणि मध्ये एखादे काका काहीतरी बोलतातच. चारशे शब्द लिही, ते पाच मिनिटांवर जातात.

मनात वाचून तालीम होत नाही. उभी राहून, मोठ्याने, दिवसातून दोनदा. तालमीला दोन माणसं वेगवेगळी बोलाव: एक दादाचा मित्र, एक कॉलेजशी संबंध नसलेलं कोणीतरी. मी शेजारच्या काकूंना बोलावलं. जिथे मित्र हसला आणि काकू नाही, तिथे उलगडा कमी पडत होता. जिथे काकूंनी "अगं बाई" म्हटलं, ते वाक्य मी काढून टाकलं.

पूर्ण भाषण कागदावर नेऊ नकोस, मान खाली जाते. चार कार्डं: तीन प्रसंगांची तीन, शेवटाचं एक. प्रत्येकावर चार-पाच शब्द आणि शेवटचं वाक्य पूर्ण. कार्डांवर मोठे आकडे घाल. माझी पडली होती.

८. त्या दिवशी

वेळ ही: औक्षण झालं, पेढे वाटून झाले, जेवणाची झाकणं अजून उघडलेली नाहीत. एकदा मसालेभाताचा वास सुटला की तुला कोणी ऐकत नाही. केटरिंगवाल्या दादांना आधीच सांगून ठेव की माझं होईपर्यंत झाकण काढू नका.

सोसायटीच्या हॉलमध्ये आवाज घुमतो, म्हणून नेहमीपेक्षा सावकाश बोल. माइक ओठांपासून मूठभर अंतरावर, आणि स्पीकरच्या समोर उभी राहू नकोस, शिट्टी वाजते. बिनवायरचा माइक असेल तर नवे सेल घाल. आमचे पंखे इतके आवाज करत होते की दोन बंद करावे लागले.

दादाला समोर बसव, बाजूला नाही. लोक तुझा विनोद ऐकतात आणि त्याचा चेहरा बघतात. तो हसला की त्यांना हसायची परवानगी मिळते. म्हणून पहिला प्रसंग तोच घे ज्याला तो नक्की हसेल.

आणि आजीला सकाळीच सांग की आज दादाची मस्करी होणार आहे, मनावर घेऊ नकोस. मी सांगितलं होतं. तरी चुकलं एका ठिकाणी. कार्ड पडल्याच्या गडबडीत मी एम थ्री म्हणजे काय ते सांगायचंच विसरले आणि थेट म्हटलं, "दादा आणि एम थ्री, तीन वर्षं चाललं होतं." मित्र हसले. पहिल्या रांगेतून आजीचा आवाज, माइकशिवाय सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा: "ही एम थ्री कोण गं? आपल्यातली आहे का?"

त्या संध्याकाळचं सर्वात मोठं हसू ते. मी लिहिलेल्या एकाही वाक्याला तेवढं मिळालं नाही. असं झालं तर घाईने पुढचं कार्ड काढू नकोस, थांब, लोकांना हसून घेऊ दे. मग मी आजीला म्हटलं, "गणित आहे आजी, दुसऱ्या वर्षाचं." आजी म्हणाली, "मग ठीक आहे." त्यावर आणखी एकदा हशा. वड्यांचा विनोद त्यानंतर सांगितला असता तर फिका पडला असता, म्हणून तो मी गाळला आणि सरळ वॉशिंग मशिनवर गेले.

९. माइक त्याच्या हातात दे

हे आधीच ठरवून ठेव आणि दादालाही सांगून ठेव. तुझं झाल्यावर एक मिनिट त्याचं. त्याला उत्तर देता आलं नाही तर तो रात्रभर कसनुसा हसत फिरतो आणि आईला वाटतं तो दुखावलाय. त्याच्या मिनिटात मध्ये बोलायचं नाही, कितीही खोटं सांगितलं तरी.

आमच्या दादाने माइक घेतला, आजीकडे वळला आणि म्हणाला, "आजी, ती एम थ्री आहे ना, ती आता हिला भेटणार आहे. ही पुढच्या महिन्यात सेकंड इयरला जातेय." आजीने माझ्याकडे बघितलं. आईने बाबांकडे बघितलं. बाबा केटरिंगवाल्यांना म्हणाले, "झाकणं काढा."

दुसऱ्या दिवशी घरात नारळ आला होता.